दहावा रोजा आणि सकाळची शिफ्ट

प्रश्न: राहायला फोंड्यात, काम वेर्ण्याच्या कारखान्यात, मशीनवर. शिफ्ट सकाळी ७ ते ३.३०, कंपनीची बस ६.१० ला. वय ३१, कसला आजार नाही. गेल्या रमजानात पहिले आठ-नऊ रोजे छान गेले. मग दुपारी डोकं जड व्हायला लागलं, मशीनसमोर डोळे मिटायला लागले आणि शेवटी चार रोजे सुटले. या वेळी पूर्ण महिना निभवायचा आहे. जेवण, झोप आणि काम यांच्या वेळा कशा लावू?

उत्तर:

त्रास कितव्या रोज्याला सुरू झाला, हे मी प्रत्येकाला आधी विचारतो. कारण बहुतेक वेळा त्यावरूनच कळतं. पहिल्या तीन-चार रोज्यांत डोकं दुखत असेल तर ते चहाचं. मध्येच एखाद्या दिवशी, उन्हात किंवा गरम खोलीत काम झालं त्याच दिवशी दुखलं, तर ते पाण्याचं. आणि पहिला आठवडा नीट जाऊन मग दहाव्या रोज्याच्या आसपास माणूस ढेपाळला, तर ती झोपेची उधारी. रोज दोन-तीन तास कमी पडतात, आठवडाभर शरीर ओढून नेतं आणि मग एके दिवशी सगळं एकदम वसूल करायला बसतं. तुमचं हे तिसरं आहे. म्हणून सहरीला काय खायचं त्याआधी आपण झोपेचं बोलू.

मी सव्वीस वर्षं शिफ्टमध्ये काम करून रोजे ठेवतोय. त्यातली चौदा वर्षं शिफ्ट इन्चार्ज म्हणून, म्हणजे स्वतःसोबत माझ्या लाइनवरच्या मुलांचाही महिना लावून द्यावा लागतो. मी डॉक्टर नाही. जे सांगतो ते वापरून पाहिलेलं आहे.

२०१९ साली रमजान मे महिन्यात होता. आपल्याकडे तेव्हा रोजा सव्वाचौदा तासांच्या आसपास जायचा, पहाटे पावणेपाचच्या आधी खाणं बंद आणि इफ्तार सातला. मी तरावीहनंतर गप्पांत बसायचो, साडेबाराला झोपायचो, चारला उठायचो. तिसऱ्या आठवड्यात दुपारी दोनच्या सुमारास लेबलचं रीळ बदलताना मी आधीच्या बॅचचं रीळ चढवलं. नंबर वाचला होता, डोळ्यांनी पाहिलाही होता, पण डोक्यात शिरला नाही. पुढच्या तपासणीत ते सापडलं, पण तोवर अकराशे बाटल्या गेल्या होत्या, त्या सगळ्या हाताने परत काढाव्या लागल्या. भूक नव्हती, तहानही फार नव्हती. झोप नव्हती. तेव्हापासून मी रमजानचं वेळापत्रक झोपेपासून मांडायला लागलो.

आता तुमचा महिना पाहू. २०२७ चा पहिला रोजा चाँद दिसेल तसा ८ किंवा ९ फेब्रुवारीला येईल, म्हणजे कार्निव्हलच्या शेवटी शेवटी. या दिवसांत फोंड्यात फजरची वेळ साधारण ५.४९ ला लागते आणि सूर्य ६.३६ ला मावळतो. महिन्याच्या शेवटी, ९ मार्चच्या सुमारास, फजर ५.३६ वर आलेली असते आणि मगरिब ६.४४ वर गेलेली असते. म्हणजे रोजा पावणेतेरा तासांपासून सुरू होऊन सव्वातेराच्या आत संपतो. मे महिन्यातल्या रोज्यांपेक्षा हा तास-दीड तासाने हलका आहे. या वेळा दोन-चार मिनिटं पुढेमागे असू शकतात. पाळायचा तो तुमच्या मशिदीचा तक्ता. त्यात सहरी समाप्तीची वेळ अजानच्या काही मिनिटं आधीची छापलेली असेल तर तीच धरा. एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. खाणं थांबतं ते फजरला, सूर्योदयाला नाही. सूर्य तेव्हा सातला उगवतो, आणि नवीन माणसं मोबाइलमध्ये सूर्योदयाची वेळ बघून निवांत बसतात.

इशाची वेळ ७.५० च्या आसपास लागते. सव्वाआठची जमात धरली तर वीस रकात तरावीह साडेनऊ-पावणेदहाला संपते. दहाला घरी, सव्वादहाला दिवा बंद. सहरीला ४.४५ ला उठलात तर साडेसहा तास झोप झाली. ही बेरीज मी मुलांना कागदावर करायला लावतो, कारण रमजानात झोप मिळतच नाही असं सगळे गृहीत धरून बसतात. फेब्रुवारी-मार्चच्या रमजानात ती मिळते. ती जाते कुठे, तर दहा ते साडेबारा या अडीच तासांत. मशिदीच्या बाहेरच्या गप्पा, हॉटेलवर एक चहा, कुणाच्या तरी गाडीवरून मडगावची एक फेरी, मग अंथरुणात पडून मोबाइल.

माझ्या भाच्याचं उदाहरण सांगतो, तो तुमच्याच वयाचा आणि सकाळच्याच शिफ्टला. तीन वर्षांपूर्वी बाराव्या रोज्याला तो माझ्याकडे आला, 'मामा, माझ्याच्याने आता होत नाही' म्हणून. मी त्याला उपदेश केला नाही. गेल्या दहा रात्री कधी झोपलास, कधी उठलास, तेवढं लिहायला सांगितलं. आठवून आठवून त्याने लिहिलं. बहुतेक रात्री पावणेएक, एकदा दीड, आणि उठणं रोज साडेचार. म्हणजे पावणेचार तासांची झोप. एरवी तो साडेसहा तास झोपणारा. रोजचे पावणेतीन तास कमी, दहा दिवसांचे साडेसत्तावीस. आकडा बघून तो गप्प झाला. आम्ही जेवणात काहीही बदललं नाही. फक्त दोन गोष्टी केल्या. रात्रीचं जेवण तरावीहनंतर व्हायचं ते मगरिबनंतर लगेच घेतलं, आणि सव्वादहाला मोबाइल स्वयंपाकघरात चार्जिंगला लावला. सहरीचा गजरही तिथेच वाजायचा, म्हणजे उठून जावंच लागे. पहिल्या दोन दिवसांत फरक पडला नाही, उलट जास्तच सुस्ती आली. असं होतं, त्याला घाबरायचं नाही. पाचव्या दिवशी, सतराव्या रोज्याला, त्याने आपणहून सांगितलं की दुपारी दोनला डोळे उघडे राहतात. तो महिना त्याने पूर्ण केला.

यातला जेवणाचा बदल दिसतो लहान, पण सगळी झोप त्यावर टेकलेली आहे. इफ्तारला भज्या-समोसे-सरबत यावर पोट भरायचं आणि खरं जेवण दहाला करायचं, ही आपल्या बऱ्याच घरांतली रीत आहे. दहाला बिर्याणी जेवलेला माणूस सव्वादहाला झोपू शकत नाही. आडवा झाला की छातीशी जळजळतं, आणि ती जळजळ घेऊनच पहाटे उठतो, मग सहरी जात नाही, मग सकाळी दहालाच भूक लागते. म्हणून मगरिब आणि इशा यांच्यामधला सव्वा तास हाच जेवणाचा धरा. अजान झाली की तीन खजूर, दोन ग्लास पाणी, कलिंगडाची किंवा पपईची एक मोठी फोड. मगरिबची नमाज पढून या. तेवढ्या पंधरा मिनिटांत पोट जागं होतं आणि पहिली अधाशी भूक ओसरते. मग ७.०५ ला पानावर बसून रोजचं जेवण जेवा. शीत, हुमण, एखादी भाजी, तळलेला बांगडा असेल तर एक तुकडा. भजी खायची असेल तर याच जेवणात दोन खा. घरच्यांना मी भजी बंद करायला सांगत नाही. रमजानात ती तळणाऱ्या आईचा किंवा बायकोचाही जीव त्यात असतो. ती जेवणाच्या जागी नको, जेवणाबरोबर असू द्या. तरावीहनंतर काही हवंच वाटलं तर अर्धा पेला दूध किंवा एक केळं.

आता सहरी. ४.४५ ला उठून पाच ते पाच-पंचवीस जेवा, मग ५.४० पर्यंत फक्त पाणी. आपल्याकडे सहरीला उकड्या तांदळाची पेज करतात, आणि पेज चांगलीच. अन्नही मिळतं, पाणीही पोटात जातं, पहाटे घशाखाली सहज उतरते. पण नुसती पेज साडेदहापर्यंतच पुरते. तिच्या जोडीला काहीतरी दमदार हवं. दोन उकडलेली अंडी, किंवा आदल्या रात्रीची वाटीभर मुगाची नाहीतर चवळीची उसळ, किंवा अर्धी वाटी दही. पेज नको असेल तर आदल्या संध्याकाळी पोदेराकडून पोई घेऊन ठेवा, कारण सकाळी त्याचा भोंपू वाजेपर्यंत आपली सहरी संपलेली असते. कोंड्याची पोई मैद्याच्या पावापेक्षा बरीच वेळ पोटात टिकते. नाचणीचं तिजण जमत असेल तर तेही उत्तम, गूळ मात्र बेताचा.

पेजेबरोबर जे येतं तिथे माणसं फसतात. खारवलेला बांगडा, किसमूर, लोणचं. पेजेला त्याशिवाय चव नाही हे मलाही मान्य आहे, पण सहरीला खाल्लेलं खारं अकरा वाजता घसा कोरडा करतं. त्याची हौस रात्रीच्या जेवणात पुरवा. माझ्या लाइनवर एक मुलगा रोज अकरालाच तहानेने हैराण व्हायचा आणि पाणी आणखी वाढवू का विचारायचा. त्याची सहरी विचारली तेव्हा लोणच्याच्या तीन फोडी निघाल्या. फोडी गेल्या, तक्रारही गेली.

पाण्याचा हिशेब सोपा आहे, पण वेळेवर बसवावा लागतो. इफ्तार ते झोप यात तुम्हाला साडेतीन तास मिळतात. इफ्तारला दोन ग्लास, जेवणानंतर एक, अर्ध्या लिटरची बाटली मशिदीत घेऊन जा आणि तरावीहच्या चार-चार रकातींनंतरच्या विसाव्यात घोट घोट संपवा, झोपण्याआधी एक. सहरीला दोन ते तीन ग्लास, उठल्याबरोबर एक आणि बाकीचे जेवणाच्या शेवटी. एकूण दोन ते अडीच लिटर होतं. अजानच्या पाच मिनिटं आधी घाईने लिटरभर ढोसलं तर त्यातलं बरंचसं दोन तासांत लघवीवाटे निघून जातं, आणि वेर्ण्याला पोहोचेपर्यंत बसमध्ये हाल होतात ते वेगळेच. पाणी पुरतं की नाही हे तहानेवरून ठरवू नका, दुपारी लघवीचा रंग बघा. लिंबाच्या पातळ सरबतासारखा असेल तर ठीक. कोऱ्या चहासारखा गडद दिसला तर त्या रात्री दोन ग्लास वाढवा.

चहाचं तुम्ही काही लिहिलं नाहीत, आणि तुमचे पहिले दिवस छान गेले म्हणजे तुम्ही फार पिणारे नसाल. पण दिवसाला चार-पाच कप घेणाऱ्यांसाठी थोडं सांगतो. चहा-कॉफी अचानक बंद झाली की बारा ते चोवीस तासांत डोकं धरतं, दुसऱ्या दिवशी ते सगळ्यात जास्त दुखतं आणि आठवड्याभरात हळूहळू उतरतं. दोन्ही बाजूंनी, मंद, बोथट असं हे दुखणं असतं. पहिल्या रोज्याचं डोकं म्हणून जे आपण सोसतो ते बहुतेक हेच. रमजानच्या दोन आठवडे आधी दर तीन दिवसांनी एक कप कमी करत जा, आणि आधी दुपारचे कप कमी करा, कारण रोज्यात तेच सुटणार आहेत. शेवटी सहरीचा एक छोटा आणि इफ्तारनंतरचा एक, एवढे दोन उरवा. इफ्तारनंतरचा साडेसातच्या आत प्यायचा. चहाचा अंमल कित्येक तास राहतो, आणि तरावीहनंतर घेतलेला कप सव्वादहाची झोप बारावर नेतो.

आता दिवसाचं. तुमची बस ६.१० ला आणि अजान ५.४९ ला. महिन्याच्या सुरुवातीला मशिदीची जमात ६.०५ ला असेल तर बस चुकेल. आधीच इमामसाहेबांना विचारून ठेवा, नाहीतर अजान झाल्यावर घरी पढून निघा. महिन्याच्या शेवटी फजर तेरा मिनिटं अलीकडे येते तेव्हा हे आपोआप सुटतं. पण त्याच तेरा मिनिटांनी सहरीचा गजरही मागे घ्यावा लागतो, आणि हे पुष्कळजण विसरतात. इफ्तार महिन्याभरात आठ मिनिटांनी पुढे जातो, इशाही थोडी पुढे सरकते, म्हणजे रात्र दोन्ही टोकांनी आखडत जाते. दर रविवारी गजर चार मिनिटं मागे घ्या. शेवटच्या आठवड्यात तो ४.३३ च्या आसपास असेल.

बसमध्ये झोप लागली तर घ्या, पण ती हिशेबात धरू नका. दुपारची मात्र धरा. जेवणाच्या सुट्टीत तुम्हाला जेवायचं नाही, म्हणजे अर्धा तास मोकळा आहे. त्यातली वीस मिनिटं झोपा. याला आपल्याकडे कैलुला म्हणतात आणि ती सुन्नत आहे. कॅन्टीनमध्ये बसून बाकीच्यांचे डबे बघत राहण्यापेक्षा हे कितीतरी बरं. चेंजिंग रूम, नमाजची जागा, जिथे आडवं होता येईल तिथे. गजर वीस मिनिटांचाच लावा. चाळीस-पन्नास मिनिटं झोपलात तर गाढ झोपेतून उठाल आणि अर्धा तास डोकं सुन्न राहील, आणि मशीनवर ती अवस्था झोप न घेण्यापेक्षा वाईट. शुक्रवारी जुम्म्यामुळे ही झोप जाईल. म्हणून गुरुवारी रात्री दहालाच आडवे व्हा.

घरी पोहोचल्यावर, पावणेपाचच्या सुमारास, खरा मोह असतो. इफ्तारपर्यंत ताणून द्यावीशी वाटते. दीड तास झोपलात की रात्री सव्वादहाला झोप येणार नाही, आणि पुन्हा त्याच चक्रात अडकाल. थकवा असेल तर अर्धा तास, पाच-वीसला उठायचंच. जुन्या माणसांना असरनंतरची झोप पसंत नसते. तुमच्या घरी तसं असेल तर वाद घालू नका, दुपारची वीस मिनिटं पुरतात.

कामाची मांडणीही बदलून घ्या. सात ते अकरा तुमचं डोकं सगळ्यात तल्लख असतं, कारण सहरी पोटात आहे आणि झोप झालेली आहे. सेटिंग, बॅच बदलणं, मोजमाप, वजन उचलण्याची कामं त्या वेळात उरका. एक ते तीन या वेळात फक्त सवयीची कामं ठेवा, आणि जिथे नंबर वाचायचा असतो तिथे दुसऱ्या माणसाला मोठ्याने वाचायला सांगा. अकराशे बाटल्यांनंतर मी माझ्या लाइनवर हा नियमच केला, आणि आता तो रमजानापुरता राहिलेला नाही.

तुमच्याकडे शिफ्ट फिरती असेल तर सुपरवायझरशी दोन आठवडे आधी बोला आणि चारही आठवडे पहिलीच शिफ्ट मागा. दर आठवड्याला शिफ्ट बदलली तर वरचं एकही वेळापत्रक चालणार नाही. रोज्यात दुसरी शिफ्टही वाईट नाही, फजरनंतर सलग झोपता येतं, पण मग ती महिनाभर दुसरीच राहू दे. मागताना बदल्यात काय देणार तेही सांगा. आम्ही चवथीला आणि नाताळात बाकीच्यांच्या ड्युट्या घेतो, रमजानात ते आमच्यासाठी बदलून घेतात. इतक्या वर्षांत या देवाणघेवाणीला कुणी नाही म्हटलेलं मी पाहिलं नाही.

मोटरसायकलने जाणार असाल तर एवढं ऐका. ओव्हरटाइम झाला आणि सहाला निघालात तर इफ्तार घरीच करायचा या हट्टाने गाडी हाणू नका. त्या वेळेला अंगात साखर सगळ्यात कमी आणि रस्त्याला गर्दी सगळ्यात जास्त. बॅगेत तीन खजूर आणि पाण्याची बाटली कायम असू द्या. अजानची वेळ झाली की गाडी कडेला लावून रोजा सोडा, दहा मिनिटं बसा, मग निघा.

शेवटचे दहा दिवस वेगळे मांडावे लागतात, कारण शबे कद्रच्या शोधात माणूस एकविसाव्यापासून विषम रात्री जागतो. किती जागावं हे मी कुणाला सांगत नाही, तो ज्याचा त्याचा प्रश्न आहे. मशीनवर हात ठेवणाऱ्याने मात्र दुसऱ्या दिवसाची सोय आधी करावी. २०२७ मध्ये सत्ताविसावी रात्र, पहिला रोजा ८ तारखेला पडला तर ५ मार्चच्या शुक्रवारी रात्री येते, आणि ९ ला पडला तर शनिवारी रात्री. दुसऱ्या बाबतीत रविवारची सुट्टी आयती मिळेल. पहिल्या बाबतीत शनिवारची रजा आत्ताच टाकून ठेवा. चाँद दिसल्यावर मागायला जाल तोवर ती दुसऱ्या कुणीतरी घेतलेली असेल. बाकीच्या विषम रात्री पूर्ण जागण्याऐवजी सव्वादहाला झोपून साडेतीनला उठा. सहरीपर्यंत दीड तास इबादतीला मिळतो आणि पाच तासांची झोप हातात राहते. पूर्ण जागलेल्या रात्रीनंतर सलग दोन रात्री साडेनऊला अंथरुणावर, तरावीह त्या दिवशी आठ रकात करून किंवा घरी पढून. घरात दोन मतं असतील, इमामसाहेबांना विचारून घ्या.

आता हे कुठे चालत नाही ते सांगतो. तुम्हाला आजार नाही, पण हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाला मधुमेह असेल, विशेषतः इन्सुलिन किंवा साखर खाली आणणाऱ्या गोळ्या चालू असतील, किडनीचा त्रास असेल, किंवा बाई गरोदर असेल, तर हे वेळापत्रक उचलू नका. रमजानच्या दीड-दोन महिने आधी डॉक्टरकडे जा, औषधांची मात्रा आणि वेळ दोन्ही बदलावी लागतात. मधुमेहात साखर ७० च्या खाली गेली किंवा ३०० च्या वर गेली तर रोजा तिथेच सोडायचा असतो. बोट टोचून साखर तपासल्याने रोजा तुटत नाही, तेव्हा तपासायला भिऊ नका.

तंदुरुस्त माणसानेही काही खुणा ओळखाव्यात. जांभया, चिडचिड, जड डोकं, हे निभतं. थंड घाम सुटून हात कापायला लागले, उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी आली, सकाळपासून लघवीच झाली नाही, किंवा साधं बोलणं जुळेना झालं, तर मशीन बंद करा, कुणाला तरी हाक मारा आणि पाणी प्या. आजारी माणसाला आणि प्रवाशाला रोजा पुढे ढकलण्याची सवलत कुराणातच दिलेली आहे. सुटलेला रोजा नंतर कजा करता येतो. तुमचे गेल्या वर्षीचे चार अजून राहिले असतील तर ते या रमजानच्या आधी, डिसेंबर-जानेवारीच्या लहान दिवसांत, आठवड्याला एक याप्रमाणे पूर्ण करून टाका. कजाही होतील आणि नवीन वेळापत्रकाची तालीमही होईल. त्या चार दिवसांत सव्वादहाची झोप जमते का तेवढं बघा. जिथे अडेल तिथे अजून दुरुस्त करायला वेळ असेल.

आणि ईदच्या दुसऱ्या दिवशी पहिली शिफ्ट असेल तर ईदची दुपार दीड तास झोपायला राखून ठेवा. पाहुणे संध्याकाळी येतात. त्या रात्री सहरीचा गजर बंद करायचा विसरू नका, पण सव्वापाचचा लावा, कारण महिनाभर सहरीला उठलेल्या शरीराला त्या एका रात्री साडेसहाची बस पकडायची आहे की सहाची, याचं भान नसतं. तुमची ६.१० चीच आहे.